कार्डिओजेनिक शॉक खाटेशेजारी कसा ओळखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅज्युअल्टी, वॉर्ड आणि आयसीयूमध्ये काम करणारे इंटर्न, निवासी डॉक्टर आणि सिस्टर यांच्याकडून येणारे हे प्रश्न आहेत. उपचारांची पूर्ण माहिती इथे नाही. सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: शॉकमधला पेशंट समोर आला की सलाईनची बाटली उघडण्याआधीच्या काही मिनिटांत, हा हृदयाचा शॉक आहे, सेप्टिक आहे की शरीरातलं पाणी किंवा रक्त कमी झाल्याचा आहे, हे हातांनी आणि डोळ्यांनी कसं ठरवायचं.

बीपी ९० च्या खाली गेलं म्हणजेच शॉक ना?

नाही. शॉक म्हणजे पेशींपर्यंत पुरेसं रक्त, आणि त्यासोबत ऑक्सिजन, न पोहोचणं. बीपी हा त्याचा एक पुरावा आहे, तोही उशिरा हाती येणारा. अभ्यासांमध्ये कार्डिओजेनिक शॉकची व्याख्या साधारण अशी असते: वरचं बीपी किमान अर्धा तास ९० च्या खाली, किंवा ते ९० वर ठेवायला औषधं लागणं, आणि सोबत अवयवांना रक्त कमी पडत असल्याची चिन्हं. ही चिन्हं म्हणजे थंड हातपाय, गोंधळलेलं किंवा सुस्तावलेलं मन, तासाला ३० मिलीपेक्षा कमी लघवी आणि २ च्या वर गेलेलं लॅक्टेट. पाहणीत कोणते पेशंट घ्यायचे हे ठरवायला ही व्याख्या बनवली आहे. खाटेजवळ उभं राहून ९० ची वाट पाहत बसायला नव्हे.

तिन्ही शॉकमध्ये बिघाडाची जागा वेगळी असते. सेप्टिक शॉकमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्तस्राव किंवा जुलाबांमध्ये नळ्यांत भरायला द्रवच उरत नाही. कार्डिओजेनिक शॉकमध्ये द्रव आहे, वाहिन्याही आवळलेल्या आहेत, पण हृदय रक्त पुढे ढकलू शकत नाही आणि ते मागे तुंबतं. खाली सांगितलेली बहुतेक चिन्हं या एका फरकातूनच निघतात.

बीपी ११० आहे, मॉनिटर शांत आहे. तरी शॉक असू शकतो?

असू शकतो, आणि हाच पेशंट सर्वांत जास्त वेळा नजरेतून निसटतो. हृदयातून कमी रक्त बाहेर पडू लागलं की शरीर हातापायांच्या, त्वचेच्या आणि आतड्यांच्या वाहिन्या जोरात आवळतं. त्यामुळे दाब टिकतो, प्रवाह मात्र कमी झालेला असतो. मॉनिटर दाब दाखवतो, प्रवाह दाखवत नाही.

हार्ट अटॅकच्या ज्या पेशंटांचं बीपी ९० च्या वर होतं पण हातपाय थंड आणि लघवी कमी होती, ‘शॉक’ नावाच्या रजिस्ट्रीत त्यांचा वेगळा विचार केला गेला. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण ४३ टक्के निघालं. बीपीही पडलेल्यांमध्ये ते ६६ टक्के होतं. म्हणजे ‘बीपी बरं आहे’ या गटातले जवळजवळ निम्मे पेशंट वाचले नव्हते.

पेशंटचं नेहमीचं बीपी किती होतं हेही विचारा. कायम १६० असणाऱ्याचं ११० म्हणजे मोठी घसरण आहे. उलट, जुन्या हार्ट फेल्युअरचा पेशंट ९० वर चालत ओपीडीत येतो आणि तो शॉकमध्ये नसतो. जुना केसपेपर हाती असेल तर दोन मिनिटं काढून तो पाहाच.

खाटेशी गेल्यावर पहिलं काय करायचं?

पेशंटच्या पायांना हात लावायचा. पांघरूण बाजूला करून, आपल्या हाताची मागची बाजू पावलावरून नडगीवर आणि तिथून गुडघ्याकडे सरकवत न्या. ऊब नेमकी कुठे सुरू होते ते पाहा. पावलं तेवढी गार असतील तर खोलीही गार असू शकते. गारवा गुडघ्यापर्यंत चढला असेल तर वाहिन्या आवळल्या गेल्या आहेत. दोन्ही पाय पाहायचे, कारण एकच गार असेल तर प्रश्न त्या पायाच्या धमनीचा असू शकतो.

मग गुडघ्यांची त्वचा पाहायची. जाळीसारखे जांभळट डाग बहुधा गुडघ्याच्या वाटीभोवती सुरू होतात आणि मांडीकडे पसरतात. ते जितके वर चढलेले तितकी परिस्थिती बिकट. सावळ्या त्वचेवर ते दिसायला अवघड जातात. तिथे डोळ्यांपेक्षा हाताच्या स्पर्शावर भिस्त ठेवा.

त्यानंतर कॅपिलरी रिफिल. तर्जनीचं टोक हृदयाच्या पातळीवर धरून ते पांढरं पडेपर्यंत दाबायचं, दाब १० सेकंद टिकवायचा, सोडायचं आणि रंग परतायला किती वेळ लागतो ते घड्याळाकडे बघत मोजायचं. ३ सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे बिघाड. घाईत एक सेकंद दाबून मनात मोजलं तर दोन माणसांची उत्तरं जुळत नाहीत. १० सेकंदांचा नियम त्यासाठीच आहे.

आणखी एक गोष्ट जाता जाता कळते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर वारंवार लहर हरवत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी ते बोट हातात घेऊन बघा. अनेकदा यंत्र खरंच सांगत असतं: या बोटात रक्त पोहोचत नाही.

हातपाय उबदार, कोरडे आणि नाडी ठणठणीत असेल तर सुरुवातीच्या सेप्टिक शॉकची शक्यता पुढे येते. थंड आणि घामेजलेले असतील तर सेप्टिक मागे पडतो, पण हृदय की द्रवाची कमतरता हे अजून ठरत नाही. त्या दोघांना वेगळं करायला मान लागते.

मानेच्या शिरा नक्की कशा पाहायच्या? मला त्या कधीच नीट दिसत नाहीत.

बहुतेकांना दिसत नाहीत, कारण पेशंट चुकीच्या कोनात असतो. खाटेची डोक्याकडची बाजू ४५ अंशांपर्यंत उचला, हनुवटी किंचित डावीकडे वळवा, मानेखालची जाड उशी काढा आणि उजेड बाजूने तिरपा पडेल असा धरा. उजवी बाजू बघायची. शिरेची थरथर हृदयाच्या एका ठोक्याला दोनदा होते, बोटाला लागत नाही आणि तळाशी हलकं दाबलं की नाहीशी होते. धमनीचा ठोका एकदाच येतो आणि बोटाला लागतो.

थरथरीचं वरचं टोक छातीच्या हाडाच्या कोनापासून उभ्या रेषेत किती वर आहे ते मोजायचं. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर शिरांमधला दाब वाढलेला आहे. शिरा फारच भरलेली असेल तर टोक जबड्यामागे लपतं आणि ‘शिरा दिसत नाही’ असा उलटा निष्कर्ष निघतो. अशा वेळी पेशंटला सरळ बसवून बघा, टोक खाली उतरून दिसू लागतं. आणि द्रव कमी झाल्याची शंका असेल तर पेशंटला सपाट झोपवा. सपाट झोपवूनही शिरा भरत नसेल तर शरीर खरंच रिकामं आहे.

अजून शंका उरली तर पोटावर तळहाताने १० ते १५ सेकंद स्थिर दाब द्या. शिरेची पातळी ठळकपणे वर चढून दाब असेपर्यंत तिथेच राहिली, तर हृदयाला परतणारं रक्त पेलत नाही.

थंड पेशंट आणि रिकामी मान म्हणजे रक्त किंवा पाणी गेलं आहे. थंड पेशंट आणि भरलेली मान म्हणजे सलाईनच्या बाटलीवरचा हात मागे घ्या, आधी हृदयाचा विचार करा. एकच परीक्षा शिकायला वेळ असेल तर ही शिकावी, असं माझं ठाम मत आहे. तिच्या मर्यादाही आहेत. जाड, आखूड मानेत शिरा दिसत नाही. व्हेंटिलेटरवर छातीतला दाब वाढल्यामुळे ती भरलेली दिसते. जुन्या फुप्फुसविकारात ती एरवीही भरलेली असते.

बीपीच्या दोन आकड्यांवरून काही कळतं का?

बरंच कळतं, आणि त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर, म्हणजे पल्स प्रेशर, साधारणपणे हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलतं त्यावर अवलंबून असतं. खालचा आकडा बऱ्याच अंशी वाहिन्या किती आवळलेल्या आहेत ते सांगतो.

दोन पेशंट घ्या, दोघांचंही वरचं बीपी ९२. पहिल्याचं ९२/४०, अंतर ५२. खालचा आकडा पडलेला, म्हणजे वाहिन्या सैल. हे चित्र सेप्टिकचं. दुसऱ्याचं ९२/७४, अंतर १८. वाहिन्या आवळलेल्या, ठोक्यातलं रक्त कमी. हे हृदयाचं किंवा द्रवाच्या कमतरतेचं. हार्ट फेल्युअरमध्ये वापरला जाणारा एक हिशोब असा: अंतराला वरच्या आकड्याने भागायचं आणि उत्तर २५ टक्क्यांच्या खाली आलं तर हृदयातून बाहेर पडणारं रक्त फार कमी असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या पेशंटमध्ये १८ भागिले ९२, म्हणजे सुमारे २० टक्के.

आता सरासरी दाब काढा. पहिल्याचा ५७ येतो, दुसऱ्याचा ८०. शॉकमध्ये सरासरी ६५ च्या वर ठेवायची असं आपण शिकतो, त्यामुळे दुसऱ्या पेशंटकडे पाहून सगळे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात त्याचा प्रवाह पहिल्यापेक्षा कमी असू शकतो.

हा हिशोब वयस्कर, ताठर धमन्यांच्या पेशंटमध्ये आणि महाधमनीची झडप गळत असेल तर फसतो, कारण तिथे अंतर मुळातच मोठं असतं. शिवाय वाहिन्या घट्ट आवळल्या असतील तर दंडावरचा कफ चुकीचे आकडे देतो. शंका असेल तर धमनीत लाईन घालून दाब मोजावा.

छाती स्वच्छ आहे, खरखर नाही. मग हृदय नक्कीच नाही ना?

असं म्हणता येत नाही. हार्ट अटॅकनंतरच्या शॉकमध्ये चारातल्या एकाहून थोड्या जास्त पेशंटांत फुप्फुसात पाणी साठल्याची चिन्हं नव्हती, असं शॉक रजिस्ट्रीत दिसलं. जुन्या हार्ट फेल्युअरमध्येही फुप्फुसं पाणी उपसायला सरावलेली असतात. डाव्या हृदयातला दाब खूप वाढूनही स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही.

भरलेली मान, स्वच्छ छाती आणि कमी बीपी हे तीन एकत्र दिसले तर आधी उजव्या कप्प्याचा हार्ट अटॅक आठवा. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकसोबत तो होतो. ईसीजीत छातीच्या उजव्या बाजूला व्ही४आर ही लीड लावल्याशिवाय तो बऱ्याचदा सापडत नाही. अशा पेशंटला जिभेखालची नायट्रेटची गोळी दिली तर बीपी कोसळू शकतं. हेच तीन-चिन्हांचं चित्र हृदयाभोवती पाणी साठून ते दाबलं गेलं असेल तेव्हा, फुप्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी अडकली असेल तेव्हा आणि छातीत दाबाखाली हवा भरली असेल तेव्हाही दिसतं. हे अडथळ्याचे शॉक आहेत, त्यांचा उपाय वेगळा आहे. मान भरलेली दिसल्यावर त्यांना यादीतून वगळण्यासाठी इको लवकर लागतो.

आणि उलटही होतं. न्यूमोनियामुळे सेप्टिक शॉक झाला असेल तर छातीत खरखर असतेच. ती एका बाजूला एकवटलेली आहे की दोन्ही तळांना सारखी, हे बघून अंदाज बांधता येतो. अंदाजच, निकाल नव्हे.

एखादी केस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगाल?

समजा, ५८ वर्षांच्या बाई आहेत, वजन ६० किलो, दहा वर्षांचा मधुमेह. दोन दिवस उलट्या, अशक्तपणा, जेवण नाही. छातीत दुखलेलं नाही. कॅज्युअल्टीत नाडी ११८, बीपी ९२/७४, श्वास मिनिटाला २८, ताप नाही, ऑक्सिजन ९६ टक्के. साखर ३२०, पांढऱ्या पेशी १५,०००, लॅक्टेट ४.६. कागदावर ‘गॅस्ट्रोएन्टरायटिस, सेप्सिस?’ असं लिहिलं जातं आणि सलाईन सुरू होतं. सेप्सिसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली, म्हणजे या बाईंना १,८०० मिली द्यायचा बेत असतो.

५०० मिली गेल्यावर सिस्टर पुन्हा आकडे घेतात. बीपी ९४/७६, नाडी १२२, श्वास ३४, ऑक्सिजन ९१. बाई उठून बसायला बघतायत. इथे थांबायचं. सलाईन आत गेलं, दोन आकड्यांमधलं अंतर १८ चं १८ च राहिलं आणि श्वास बिघडला. शरीर रिकामं असतं तर अंतर वाढायला हवं होतं.

आता नीट तपासू. पाय गुडघ्यापर्यंत थंड. कॅपिलरी रिफिल ५ सेकंद. ४५ अंशांवर मानेची शिरा जबड्याच्या कोनापर्यंत भरलेली. छातीच्या तळाशी दोन्हीकडे थोडी खरखर, तिसरा हार्ट साउंड ऐकू येतो. बरगडीखाली यकृत दुखरं. आणि विचारल्यावर कळतं की जुलाब एकदाही झालेला नाही. नुसत्या उलट्या, जुलाब नाहीत आणि हातपाय थंड, हा मेळ दिसला की मी पोटावरून नजर उचलून हृदयाकडे वळवते. यकृत आणि आतडी रक्त तुंबून फुगली की मळमळ आणि उलट्या होतात. मधुमेहात आणि स्त्रियांमध्ये छातीतल्या दुखण्याशिवाय हार्ट अटॅक येतो हे तर माहीतच आहे.

ईसीजीत व्ही१ ते व्ही४ मध्ये एसटी वर उचललेला, क्यू लहरी तयार झालेल्या. इकोत पुढची भिंत आणि टोक हलत नाहीत. डाव्या कप्प्यातून महाधमनीत जाणाऱ्या वाटेचा व्यास २ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४. तिथे मोजलेलं व्हीटीआय, म्हणजे एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ किती पुढे सरकतो, ८ सेंटिमीटर. एरवी ते १८ ते २२ असतं. ३.१४ गुणिले ८ म्हणजे ठोक्याला सुमारे २५ मिली. नाडी ११८ धरली तर मिनिटाला जेमतेम ३ लीटर. शरीराचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर धरून भागलं तर इंडेक्स १.८५. २.२ च्या खाली हृदयाचं काम अपुरं समजतात.

हा आगळा-वेगळा पेशंट नाही. उलट्या, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, वाढलेलं लॅक्टेट आणि वाढलेली साखर या चार गोष्टी मिळून सेप्सिसचं चित्र उभं करतात, आणि चारही गोष्टी शॉकमधल्या कुठल्याही शरीरात ताणामुळे होऊ शकतात. वेगळेपण दाखवणारी चिन्हं पायात आणि मानेत होती.

ताप, पांढऱ्या पेशी, प्रोकॅल्सिटोनिन यांवरून सेप्सिस ठरवता येत नाही का?

एकट्यावरून नाही. हार्ट अटॅकनंतर पहिल्या काही दिवसांत बारीक ताप आणि वाढलेल्या पेशी सर्रास दिसतात. प्रोकॅल्सिटोनिन कार्डिओजेनिक शॉकमध्येही वाढू शकतं. दुसरीकडे वयस्कर पेशंटला सेप्सिस असून ताप येत नाही, उलट अंग गार पडतं. संसर्ग कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं का, हा प्रश्न जास्त उपयोगी. लघवी, फुप्फुस, पोट, त्वचा, जुनी कॅन्युला, कुठेतरी उगम सापडायला हवा. उगम सापडत नाही आणि हातपाय थंड आहेत, तर ‘सेप्सिस’ हे लेबल सैल धरा.

आणि लॅक्टेट, ट्रोपोनिन?

लॅक्टेट शॉक किती खोल आहे ते सांगतं, कोणता आहे ते नाही. अॅड्रेनालिन चालू असेल तर ते औषधामुळेही वाढतं. ट्रोपोनिन आणि बीएनपी सेप्सिसमध्येही वाढतात. ट्रोपोनिनचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका, ईसीजी १० मिनिटांत काढा.

नाडी ७० आहे. एवढ्या संथ नाडीत शॉक कसा?

बीटा ब्लॉकर विचारा. ही गोळी घेणाऱ्याची नाडी वाढत नाही. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये हार्ट ब्लॉक होऊन नाडी आणखी खाली जाते, आणि संथ नाडीच शॉकचं कारण असू शकते.

नक्की कळत नसेल तर थोडं सलाईन देऊन पाहायला काय हरकत आहे?

हरकत नाही, पण ती चाचणी म्हणून द्या आणि चाचणीसारखं वागा. मान रिकामी असेल, छाती स्वच्छ असेल तर २५० मिली दहा-पंधरा मिनिटांत द्यायचं. सुरू करण्याआधी नाडी, बीपीचे दोन्ही आकडे, श्वास, ऑक्सिजन आणि कॅपिलरी रिफिल लिहून ठेवायचं, संपल्यावर पुन्हा. दोन आकड्यांमधलं अंतर वाढलं, नाडी उतरली, बोट लवकर लाल झालं तर हृदय अजून भरून घेऊ शकतं. श्वास वाढला आणि बाकी काही हललं नाही तर दुसरी बाटली लावायची नाही.

त्याहून सुरक्षित वाट म्हणजे पाय उचलणं. पेशंटला अर्धवट बसलेल्या स्थितीतून सपाट करून, खाटेच्या यंत्रणेने दोन्ही पाय ४५ अंश वर उचलायचे. सुमारे ३०० मिली रक्त पायातून हृदयाकडे येतं, आणि पाय खाली ठेवले की परत जातं. परिणाम पहिल्या मिनिटाभरात दिसतो. केवळ बीपी बघून अंदाज चुकू शकतो, इकोवर व्हीटीआय १० ते १५ टक्के वाढतं का ते बघितलं तर जास्त खात्रीचं. बसल्याशिवाय श्वासच घेता येत नसेल अशा पेशंटवर हा प्रयोग करू नका. त्याचं उत्तर मिळालेलंच आहे.

इको मशीन हाताशी आहे पण मी कार्डिओलॉजिस्ट नाही. काय बघू?

पाच गोष्टी पुरतात. डावा कप्पा जोमाने आकुंचन पावतो की जेमतेम हलतो. उजवा कप्पा डाव्याइतका किंवा मोठा झालाय का. हृदयाभोवती पाणी आहे का. खालची महाशीर २.१ सेंटिमीटरपेक्षा फुगलेली असून श्वासाबरोबर निम्म्यानेही मिटत नाही, की पूर्ण मिटते. आणि फुप्फुसावर एका फटीत तीन किंवा जास्त बी-लाईन्स आहेत का, त्या दोन्ही बाजूंना आहेत का.

द्रव गेलेल्या पेशंटचा डावा कप्पा लहान असतो आणि भिंती आकुंचनाच्या शेवटी एकमेकींना टेकतात. सुरुवातीच्या सेप्टिकमध्येही तो जोमाने चालतो. भिंतीचा एकच भाग हलत नसेल आणि बाकी जोर लावत असेल तर कोरोनरी धमनीकडे बोट जातं. सगळाच कप्पा सारखा मंद असेल तर मायोकार्डायटिस, जुना हृदयविकार किंवा सेप्सिसमुळे मंदावलेलं हृदय, तिन्ही शक्य आहेत.

कप्पा जोमाने हलतोय म्हणून हृदय निर्दोष, हा निष्कर्ष धोक्याचा आहे. अटॅकनंतर झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटला तर रक्त मागे फुप्फुसाकडे उसळतं आणि कप्पा मोकळेपणाने आकुंचन पावताना दिसतो. पेशंट मात्र शॉकमध्ये असतो, आणि मर्मर मंद किंवा अजिबात नसू शकतो.

दोन्ही शॉक एकाच पेशंटमध्ये असू शकतात?

असतात, आणि आपण मानतो त्याहून जास्त वेळा. सेप्सिस हृदयाच्या स्नायूला तात्पुरतं मंद करतं, ते सहसा आठवडा-दहा दिवसांत सावरतं. अशा वेळी उबदार पेशंट थंड होतो. उलट बाजूने, हार्ट अटॅकच्या मोठ्या शॉकनंतर शरीरात दाह उसळतो आणि वाहिन्या सैल पडतात. शॉक ट्रायलमधल्या पेशंटांचा पुढे अभ्यास झाला तेव्हा १८ टक्के पेशंटांमध्ये सेप्सिसची शंका घेतली गेली होती. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांशांच्या कल्चरमध्ये जंतू सापडले, उरलेल्यांत नाही. म्हणून थंड पेशंट तिसऱ्या दिवशी उबदार झाला आणि बीपी तरीही पडतंय, तर तो सुधारतोय असं धरू नका. नव्याने तपासा, कल्चर पाठवा.

मिश्र चित्रात मानेजवळच्या सेंट्रल लाईनमधल्या रक्ताचा ऑक्सिजन मदतीला येतो. हृदय मंद असेल तर शरीर प्रत्येक थेंबातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतं आणि हा आकडा ६० च्या खाली जातो. सेप्टिकमध्ये तो बहुधा ७० च्या आसपास किंवा वरच असतो. तो एकदाच मोजून न थांबता काही तासांनी पुन्हा मोजला तर दिशा कळते.

ओळख पटली. पहिल्या तासात काय?

थोडक्यात सांगते, कारण हे वरिष्ठांच्या देखरेखीखालीच व्हायचं आहे. सलाईन थांबवा, ऑक्सिजन द्या, धमनीत लाईन घाला, लघवीची नळी घाला. औषधाने बीपी वाढवून टिकवायचं असेल तर पहिली पसंती नॉरअॅड्रेनालिनला. २०१० च्या सोप-२ अभ्यासात डोपामिनवर ठोक्यांचे बिघाड जास्त झाले आणि कार्डिओजेनिक गटात मृत्यूही जास्त झाले. बीपी पुरेसं असून प्रवाह कमी असेल तर डोब्युटामिन, किलोमागे मिनिटाला २.५ मायक्रोग्रॅमच्या आसपास सुरू करून. बीटा ब्लॉकर नको.

कारण हार्ट अटॅक असेल तर खरा उपचार कॅथलॅबमध्ये आहे. १९९९ च्या शॉक ट्रायलमध्ये बंद धमनी लवकर उघडलेल्यांत सहा महिन्यांनंतर मृत्यू ५० टक्के होते, औषधांनी आधी स्थिर करू पाहिलेल्यांत ६३ टक्के. दोन दिवस जुना अटॅक आहे म्हणून सोडून देता येत नाही, शॉक असेल तर वेळ उलटून गेली तरी अँजिओग्राफीचा विचार करतातच. आपल्याकडे कॅथलॅब नसेल तर पेशंट ‘स्थिर’ होण्याची वाट न पाहता पुढच्या केंद्राला फोन लावायचा, आणि फोनवर बीपीआधी हातपायांची अवस्था, मान आणि ईसीजी सांगायचा.

रात्रभर पेशंट माझ्या हवाली आहे. कशाकडे लक्ष ठेवू?

दर तासाला लघवी. ६० किलोच्या पेशंटला तासाला ३० मिलीपेक्षा कमी दोन तास सलग झाली तर कळवायचं. दर तासाला गुडघ्यावर हात, ऊब वर सरकतेय की खाली. दोन आकड्यांमधलं अंतर, केवळ वरचा आकडा नव्हे. नाव, जागा, वेळ विचारायची, उत्तर द्यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय का. लॅक्टेट दोन ते चार तासांनी पुन्हा. आणि औषधाचा डोस वाढवत नेल्यामुळे बीपी टिकलेलं असेल तर ते टिकलेलं नाही. चार्टवर बीपीशेजारी त्या तासाचा डोस लिहा, म्हणजे सकाळच्या राउंडला कुणाची फसगत होणार नाही.